अकरा छत्र्या आणि नववं प्रकरण

कादंबरीच्या नवव्या प्रकरणाचा पहिला खर्डा मी दोघांना वाचायला दिला, तेव्हा त्यांचं मत मागितलं नाही. एकच विनंती केली. वाचताना कागद खाली ठेवावेसे वाटले, किंवा लक्ष दुसरीकडे गेलं, तर तिथे समासात पेन्सिलीने एक आडवी रेघ मारा. कारण लिहू नका. कारण लिहायला लागलं की माणूस चांगला शेरा शोधू लागतो आणि खरं काय झालं ते निसटून जातं.

प्रकरण तेवीस पानांचं होतं, साधारण ६८०० शब्दांचं. आठ दिवसांनी दोन्ही प्रती परत आल्या. पहिली तीन पानं स्वच्छ होती, शेवटची पाच-सहाही. मधल्या पंधरा पानांत मात्र एकीच्या सात रेघा होत्या आणि दुसऱ्याच्या पाच. त्यातल्या चार तर अगदी त्याच परिच्छेदांवर पडल्या होत्या. पुढे मी जे काही केलं, ते या रेघांवरून केलं.

प्रकरणात काय घडतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुक्ता आणि तिचा धाकटा भाऊ निखिल, वडील गेल्यावर त्यांचं घर रिकामं करायला येतात. घर वडिलांनी मुक्ताच्या नावावर केलं आहे. निखिलची समजूत अशी की घराची दुरुस्ती आणि रंगकाम करायचं आहे, म्हणून सामान हलवतोय. मुक्ताने घर विकलं आहे. आठव्या प्रकरणाच्या शेवटी ती कागदावर सही करते, ते वाचकाने पाहिलेलं आहे. निखिलला ते माहीत नाही. नवव्या प्रकरणात त्याला ते कळतं.

एवढं भांडवल हाताशी असताना प्रकरण सैल पडायचं काही कारण नव्हतं, आणि तरी ते पडलं होतं. पहिल्या खर्ड्यात सात प्रसंग होते. बहीण-भाऊ कुलूप उघडून घरात शिरतात. वडिलांचं कपाट रिकामं करताना जुन्या आठवणी निघतात. घर घेणाऱ्या माणसाचा फोन येतो आणि मुक्ता तो कापते. मग दोघं माळ्यावर जातात, तिथे पुन्हा आठवणी. शेजारची बाई येते, तिच्या तोंडून विक्रीची गोष्ट निघणार एवढ्यात कोणीतरी हाक मारतं आणि ती जाते. पुन्हा फोन येतो, मुक्ता पुन्हा कापते. शेवटी निखिलला टेबलाच्या खणात कागद सापडतो आणि दोघांचं जोरदार भांडण होतं.

मी पहिल्यांदा जो उपाय केला तो चुकीचा होता, आणि मला वाटतं बरेच जण आधी तोच करतात. प्रकरण मधे मंदावतंय म्हणजे तिथे पुरेसं काही घडत नाही, असं मी धरून चालले. म्हणून घडवलं. माळ्यावरून उतरताना शिडीची पायरी मोडते, निखिल पडतो, त्याचा घोटा दुखावतो. सहाशे शब्दांचा प्रसंग, धडपड, किंचाळी, सगळं त्यात होतं. लिहिताना मला स्वतःला बरीच तरतरी आली. दोन दिवसांनी वाचलं तेव्हा प्रकरण आधीपेक्षा लांब वाटलं.

असं का झालं हे शोधायला मी तो प्रसंग काढून पुढचं वाचलं. पुढे काहीच बदललं नव्हतं. शेजारीण येते तेव्हा निखिल दारापर्यंत चालत जातो, घोट्याची आठवण मलाही राहिली नव्हती. निखिल पडला काय, न पडला काय, मुक्ताच्या पोटातलं गुपित होतं तिथेच होतं. वाचकाचा जीव गुपितात अडकलेला, आणि मी त्याला घोटा दाखवत होते. प्रसंगात आवाज होता, पण जी दोरी ताणायची तिला त्याचा हातही लागला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक प्रसंगाला मी ही परीक्षा लावते. प्रसंग उचलून बाजूला ठेवायचा आणि त्याच्या पुढचं वाचायचं. कुणाच्या वागण्यात, कुणाला काय माहीत आहे त्यात, किंवा कुणाला आता काय करता येणार नाही यात फरक पडला नाही, तर तो प्रसंग कितीही खणखणीत असला तरी ताणाच्या हिशेबात शून्य.

शिडी गेली. मग मी एका लांब कागदावर सातही प्रसंग एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकासमोर दोन वाक्यं. प्रसंग सुरू होताना वाचकाच्या मनात कोणता प्रश्न आहे, आणि संपताना कोणता. आधी मी एक ते दहा असे आकडे टाकून पाहिले होते, पण आकड्यांनी मला फसवलं. प्रसंग मला आवडता असला की मी सात देत होते. प्रश्न शब्दांत लिहायचा म्हटलं की लबाडी करता येत नाही.

दुसऱ्या प्रसंगासमोर मी लिहिलं : सुरुवातीला, ‘मुक्ता सांगेल का?’ शेवटी, ‘मुक्ता सांगेल का?’ तिसऱ्यासमोर तेच. चौथ्यासमोर तेच. पाचव्या आणि सहाव्यासमोरही तेच. पाच प्रसंग, जवळजवळ चौदा पानं, आणि वाचक एकाच प्रश्नाच्या एकाच टोकाला उभा. प्रश्न मोठाही होत नव्हता, बदलतही नव्हता, त्याचा तुकडाही कुठे सुटत नव्हता. मी याला ताण टिकवून धरणं समजत होते. पण एकाच उंचीवर धरून ठेवलेला ताण थोड्या वेळाने ताण राहत नाही. घरातल्या पंख्याचा आवाज जसा दहा मिनिटांनी ऐकू यायचा थांबतो, तसं वाचकाचं होतं.

फोनच्या दोन प्रसंगांवर हे सगळ्यात स्पष्ट दिसत होतं. पहिल्या खर्ड्यातला पहिला फोन असा होता :

*फोन वाजला. मुक्ताने नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.*
*‘कोण गं?’*
*‘कोणी नाही. कामाचं.’*
*निखिल पुन्हा खोक्याकडे वळला.*

पहिल्यांदा वाचताना यात थोडी धडधड आहे. दुसऱ्या वेळी, नऊ पानांनंतर, हेच पुन्हा आलं तेव्हा धडधड उरत नाही, कारण मधल्या काळात वाचक एक गोष्ट शिकलेला असतो : फोन वाजला तरी काही होत नाही. माझ्या मैत्रिणीने रेघेशेजारी काही लिहायचं नव्हतं तरी इथे लिहिलं होतं, ‘आता घाबरत नाही.’ धोका दाखवून तो दर वेळी फुकट जाऊ दिला की आपणच वाचकाला निर्धास्त व्हायला शिकवतो. शेवटी खरा घाव आला तेव्हा तो त्याला अचानक वाटला, पण जवळ येताना कुठे दिसला नव्हता.

इथे मला चित्रपट दिग्दर्शक हिचकॉकचं ते प्रसिद्ध उदाहरण पुन्हा वाचावंसं वाटलं. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी झालेल्या मुलाखतीत त्याने सांगितलेलं, टेबलाखालच्या बॉम्बचं. दोन माणसं गप्पा मारताहेत आणि एकदम स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. बॉम्ब आहे हे त्याला आधीच माहीत असेल, तर त्याच गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. हे उदाहरण मला पाठ होतं आणि मी तेच करतेय अशी माझी खात्री होती. वाचकाला विक्री माहीत, निखिलला नाही, म्हणजे बॉम्ब टेबलाखाली आहेच. पुन्हा वाचताना एक तपशील नव्याने दिसला. हिचकॉकच्या उदाहरणात स्फोट एक वाजता होणार आहे, खोलीत घड्याळ आहे, आणि त्यात पाऊण वाजलाय हे प्रेक्षकाला दिसतंय. माझ्या घरात बॉम्ब होता, घड्याळ नव्हतं. निखिलला आज कळेल, उद्या कळेल, कधीतरी कळेल. वाचकाने कशाकडे पाहून घाबरायचं?

म्हणून दोन फोन काढून एकच ठेवला आणि तो मुक्ताला कापू दिला नाही. नव्या खर्ड्यात तिचे दोन्ही हात कपाटाच्या वरच्या कप्प्यात अडकलेले आहेत. फोन खिडकीत आहे. निखिल तो उचलतो.

*‘ताई, तुझा फोन. थांब, मी घेतो.’*
*‘राहू दे.’*
*‘अगं, हात केवढे भरलेत तुझे.’ त्याने स्पीकर चालू केला होता.*
*‘मॅडम, मी पाचला येतोय. एकदा भिंती बघून घेतो, ओल कुठे कुठे आहे ते.’*
*निखिलने तिच्याकडे पाहिलं आणि हसला. ‘या ना,’ तो फोनमध्ये म्हणाला, ‘आम्ही आहोत पाचपर्यंत.’ मग फोन ठेवून, ‘रंगवाला वाटतं?’*
*मुक्ताने कप्प्यातून हात काढले नाहीत.*
*‘हो,’ ती म्हणाली.*

या दहा-बारा ओळींनी तीन कामं केली. घड्याळ भिंतीवर लागलं : पाच वाजता माणूस दारात उभा राहणार. दुसरं, मुक्ता आतापर्यंत गप्प होती, आता ती खोटं बोलली. गप्प बसल्याची माफी मागणं सोपं असतं, ‘हो’ म्हटल्याची अवघड. म्हणजे प्रत्येक मिनिटाला कबुलीची किंमत वाढत जाणार. तिसरं म्हणजे, प्रश्न बदलला. ‘सांगेल का?’ हा जुना प्रश्न थोडासा सुटला. या घटकेला तरी तिने सांगितलं नाही, उलट उत्तर दिलं. त्याच्या जागी नवा प्रश्न आला : पाचच्या आत सांगेल, की तो माणूसच सांगेल? कागदावर दुसऱ्या प्रसंगासमोरची दोन वाक्यं पहिल्यांदा वेगवेगळी झाली. प्रश्न अर्धवट सोडवायचा आणि तो सुटतानाच आणखी महागडा प्रश्न उभा राहील असं बघायचं, हे मला फोनच्या या प्रसंगात कळलं. सगळी उत्तरं शेवटासाठी राखून ठेवली होती, म्हणून मधे वाचकाच्या हाताला काही लागत नव्हतं.

शेजारणीचा प्रसंग काढताना वाईट वाटलं, कारण ती बाई मला आवडायची. तिच्या तोंडून गुपित फुटणार इतक्यात बाहेरून हाक येते, ही युक्ती मात्र कच्ची होती. हाक पात्रांपैकी कोणाच्याही गरजेतून आलेली नव्हती, ती माझ्या गरजेतून आली होती. शेवटाला अजून सहा पानं होती, म्हणून मी हाक मारायला लावली. वाचकाला हे बरोबर कळतं. लेखक दरवाजा धरून उभा आहे असं एकदा दिसलं की तो पात्रांसाठी घाबरणं सोडतो आणि लेखक कधी दरवाजा सोडतोय याची वाट बघतो. ते कंटाळवाणं असतं.

लांबण आवश्यक होती, पण ती या दोघांच्या स्वभावातून यायला हवी होती. चार-पाच दिवस त्यावर अडले. मग लक्षात आलं की मुक्ताला सांगण्यापासून कोणी अडवायचंच असेल तर ते निखिलनेच अडवावं, आणि प्रेमाने अडवावं. वडील आजारी असताना मुक्ता दूर होती, सगळं निखिलने निस्तरलं, हे चौथ्या प्रकरणात येऊन गेलं होतं. नव्या खर्ड्यात साडेतीनच्या सुमाराला मुक्ता खरंच बोलायला लागते. ‘निखिल, मला तुला एक सांगायचंय. मी जे केलं ते...’ आणि तो तिला थांबवतो. त्याला वाटतं, ती आजारपणाबद्दल बोलतेय. ‘नको ताई. ते मी केव्हाच सोडून दिलंय. तू कधी ते तोंडावर आणू नकोस.’

आता ती काय बोलणार? त्याने तिला नको त्या गोष्टीची माफी देऊन टाकली आहे, आणि ती घेऊन ती गप्प बसते. गुपित याही वेळी पुढे ढकललं गेलं, पण या वेळी त्याचं ओझं वाढलं. शेजारणीच्या वेळी मुक्ता वाचली होती, इथे ती आणखी खोल गेली. दोन्हीकडे बाहेरून घडतं तेच, निखिलला कळायचं राहून जातं. सैल प्रसंग आणि ताणलेला प्रसंग यांत इतकाच फरक असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

इथपर्यंत मी फक्त चढण बांधत होते. प्रकरण पुन्हा वाचलं तर आता ते सैल नव्हतं, पण वाचून दमायला होत होतं. कपाट, फोन, खोटं, कबुलीचा प्रयत्न, पाच वाजणं. सगळं दात आवळलेलं. चढच चढ असला की पाचव्या पानाची उंची आणि बाराव्या पानाची उंची यांतला फरक कळेनासा होतो, कारण मधे मागे वळून बघायला सपाट जागाच नसते. पहिल्या खर्ड्यात रेषा खाली सपाट होती, आता वर सपाट झाली होती.

माळ्याचा प्रसंग मी तोवर कापायच्या यादीत टाकला होता. दोन्ही प्रतींवर मिळून सगळ्यात जास्त रेघा त्याच्यावरच होत्या. पण सोडवणूक हवी तर ती कुठून आणायची, असा विचार करताना त्या अकराशे शब्दांत एक वाक्य दिसलं. जुन्या वह्या, मोडकी खुर्ची, भावंडांच्या शाळेची प्रगतिपुस्तकं, या यादीच्या शेपटाला लिहिलं होतं, ‘आणि बाबांनी दुरुस्तीसाठी जपून ठेवलेल्या छत्र्या.’ बाकी सगळं कोणाच्याही माळ्यावर सापडेल. छत्र्या या बाबांच्या होत्या.

वह्या, खुर्ची, प्रगतिपुस्तकं काढून टाकली आणि प्रसंग छत्र्यांवरच लिहिला. अकरा छत्र्या, प्रत्येकीच्या मुठीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात. ‘दांडा ठीक. दोन काड्या.’ ‘कापड ठीक, बाकी काही नाही.’ ‘ही निखिलने मोडली.’ ‘ही निखिलने मोडली नाही असे तो म्हणतो.’ निखिल एक उघडतो, ती अर्धीच उघडते. मुक्ता दुसरी उघडते, ती उलटी होते. मग दोघं सगळ्याच उघडतात. बुटक्या माळ्यावर अकरा मोडक्या छत्र्यांखाली वाकलेली चाळिशीतली दोन माणसं इतकी हसतात की त्यांना खाली बसावं लागतं.

पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा त्यात मी तीन वाक्यं घातली होती. ‘पण आत कुठेतरी पाच वाजण्याची भीती होतीच.’ ‘मुक्ता हसत होती, तरी तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.’ तिसरं आता आठवत नाही, पण त्याच जातीचं. वाचक ताण विसरेल या धास्तीने मी ती घातली होती. ती तिन्ही खोडली. सोडवणूक द्यायची तर पुरती द्यायची. मुक्ता त्या दहा मिनिटांत खरोखरच विसरली पाहिजे, वाचकही विसरला पाहिजे. हसता हसता दर चार ओळींनी खांद्यावर टकटक केली तर ना धड हसू होतं, ना धड भीती.

हे धाडस करायला मला एका जुन्या निबंधाने बळ दिलं. ‘मॅकबेथ’मध्ये राजाचा खून झाल्याबरोबर दारावर थाप पडते, ती पडतच राहते, आणि दारू उतरायची बाकी असलेला द्वारपाल बडबडत दार उघडायला येतो. ही थाप आपल्या काळजाला इतकी का भिडते, यावर थॉमस डी क्विन्सीने १८२३ साली लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खुनाच्या वेळी रोजचं जग थांबलेलं असतं, थापेबरोबर ते पुन्हा सुरू होतं, आणि ते सुरू झाल्यामुळेच मधे काय भयंकर घडून गेलं ते आपल्याला पहिल्यांदा जाणवतं. म्हणजे उतार आला की चढणीची उंची कळते. माझ्या प्रकरणात खून नाही, पण मुक्ताचं ‘हो’ आहे. त्या ‘हो’नंतर लगेच तिला भावाबरोबर मनमोकळं हसताना दाखवलं, तेव्हा ती काय गमावणार आहे ते वाचकाला दिसलं. ते समजवायला आधी मी कपाटाजवळ तेराशे शब्द आठवणी लिहिल्या होत्या आणि त्या कोणी वाचल्या नव्हत्या.

प्रसंग कुठे संपवायचा हेही महत्त्वाचं होतं. हसू ओसरतं, निखिल मांडीवरची छत्री मिटायचा प्रयत्न करत म्हणतो, ‘ताई, घर ठेवलंस हे फार बरं केलंस.’ तिथेच थांबले. यानंतर मुक्ताच्या मनात काय आलं याचा एक परिच्छेद होता, चांगला होता, तो कापला. वाचकाच्या पोटात जो खड्डा पडायचा तो त्या वाक्याने पडलेला असतो. त्यावर मुक्ताचे विचार घातले की खड्डा भरला जातो. आणि हे वाक्य कपाटाच्या वेळी, सगळे आवळून बसलेले असताना आलं असतं, तर चढणीतली आणखी एक पायरी एवढंच ते झालं असतं. हसून सैल झालेल्या माणसाला ते खोल लागतं.

जागाही बदलली. पहिल्या खर्ड्यात माळा फोननंतर होता, पण तो फोन फुकट गेलेला होता, त्यामुळे उतरायला उंचीच नव्हती. आता तो ‘हो’च्या लगेच नंतर आणि कबुलीच्या प्रयत्नाच्या आधी आहे. मुक्ता साडेतीनला सांगायला का धजते, याचं कारणही त्या वाक्यात सापडलं. आधी ते मला नीट माहीत नव्हतं.

राहिला वेळेचा हिशेब. गोष्टीतला वेळ आणि त्याला दिलेली पानं मी शेजारी मांडली. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, असे सात तास. पहिल्या खर्ड्यात कपाटाच्या एका तासाला साडेचार पानं होती आणि साडेचार ते पाच या अर्ध्या तासाला एक परिच्छेद, कारण मला भांडणाकडे पोचायची घाई झाली होती. हे अगदी उलटं होतं. ताण नसलेल्या वेळेतून भरभर जायला हवं आणि ताण टोकाला गेला की पावलं मोजत चालायला हवं. कपाट साडेतीनशे शब्दांत आटोपलं. शेवटच्या अर्ध्या तासाला एकोणीसशे शब्द दिले.

या शेवटच्या भागात मी आधी वाक्यं तोडून बारीक केली होती. ‘पावणेपाच. दार. आवाज नाही.’ अशी. तोडलेल्या वाक्यांनी वेग येतो हे खरं, पण मला इथे वेग नको होता, थांबणं हवं होतं. निखिल भिंतीवरच्या ओलीच्या डागाभोवती खडूने गोल काढतोय, रंगवाल्याला सोपं जावं म्हणून. एक गोल काढून झाला की मागे सरून बघतो, मग दुसऱ्या डागाकडे जातो, आणि मुक्ता त्याच्या मागे एकेका खोलीत जाते, प्रत्येक उंबऱ्यावर तोंड उघडते. हे लांब, न तुटणाऱ्या वाक्यांत लिहिलं तेव्हा कुठे तो अर्धा तास अर्ध्या तासासारखा वाटला. तुटक वाक्यं दोनच ठेवली, दाराची कडी वाजते तिथे.

शेवट सगळ्यात उशिरा बदलला. पहिल्या खर्ड्यात सापडलेल्या कागदावरून भांडण होतं, दोघं सगळं बोलतात, निखिल निघून जातो, मुक्ता रडते. साडेपाच पानांत सगळा दाब निघून जायचा. वाचताना ती पानं चांगली जायची, त्यांवर रेघाही नव्हत्या. अडचण दहाव्या प्रकरणात यायची. ते शून्यापासून सुरू व्हायचं आणि त्याला पुन्हा पेटायला आठ पानं लागायची. मधल्या प्रकरणाने आपला एक प्रश्न सोडवावा, पण सगळा दाब सोडून देऊ नये. म्हणून भांडण काढलं. आता निखिल स्वतः दार उघडतो, आलेल्या माणसाला कौतुकाने घर फिरवून खडूचे गोल दाखवतो. तो माणूस म्हणतो, ‘तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी सगळं पाडूनच बांधणार आहे.’ निखिल मुक्ताकडे बघतो. काही बोलत नाही. वर माळ्यावर जातो. खाली उभ्या असलेल्या मुक्ताला एकेक छत्री मिटल्याचा आवाज येतो, आणि ती मोजते. अकरापर्यंत आवाज येत नाहीत, नवव्याला थांबतात.

‘निखिलला कळेल का?’ याचं उत्तर मिळालं. तो काय करणार, याचं मिळालं नाही.

प्रकरण आता ५४५० शब्दांचं आहे, पाच प्रसंगांचं. दोन्ही वाचकांना पुन्हा दिलं, तीच पेन्सिलीची विनंती करून. मित्राची प्रत स्वच्छ आली. मैत्रिणीची एकच रेघ आहे, छत्र्यांच्या शेवटी, निखिलच्या त्या वाक्यावर. मी तिला विचारलं, इथे लक्ष गेलं का? ती म्हणाली, ‘नाही, इथे मला पुढे वाचवेना. पाच मिनिटांनी वाचलं.’ ही रेघ मी मोजावी की मोजू नये ते मला ठरवता आलं नाही. परिच्छेद तसाच ठेवला.

दहाव्या प्रकरणाची सुरुवात मात्र आता अडली आहे. काढलेलं भांडण मी तिथे नेऊन पाहिलं, तर ते फार लवकर आणि फार मोठ्याने होतंय. ज्या उंचीवर नववं संपतं तिथून आरडाओरडा सुरू झाला की तो उतारच ठरतो, दोघांनाही हलकं करून टाकतो, आणि इतक्या लवकर त्यांना हलकं करायचं नाही. सध्या मी पहिलं पान असं लिहिलंय की निखिल माळ्यावरून उतरतो, हातात उरलेल्या दोन उघड्या छत्र्या, आणि मुक्ताला विचारतो, यांना मी गाडीत कसं ठेवू.